चार ‘सेट’, तीन ‘रन’ आणि एक वॉशबेसिन

काउंटरवर बसवायच्या वॉशबेसिनच्या खोक्यात एक घडीचं पत्रक येतं. असंच एक इंग्रजी पत्रक मराठीत करण्याचं काम आमच्याकडे आलं होतं. मजकूर पाच वाक्यांचा, शिवाय खोक्यातल्या वस्तूंच्या यादीतली एक ओळ. भाषांतर नव्याने रुजू झालेल्या एका सहकारी मुलीने केलं आणि तपासायला माझ्याकडे दिलं. मूळ वाक्यं उच्चारानुसार अशी:

रन अ बीड ऑफ सिलिकोन अराउंड द रिम. सेट द बेसिन इन प्लेस. वाइप अवे एनी सिलिकोन दॅट रन्स आउट. डू नॉट मूव्ह द बेसिन वन्स सेट. लीव्ह टू सेट फॉर ट्वेंटी-फोर अवर्स बिफोर रनिंग द टॅप.

वस्तूंच्या यादीत ‘फिक्सिंग सेट’ असा एक शब्द. म्हणजे हाताएवढ्या कागदावर ‘सेट’ चारदा आणि ‘रन’ तीनदा.

तिचं पहिलं भाषांतर असं होतं: “कडेभोवती सिलिकॉनचा मणी चालवा. बेसिन जागेवर बसवा. संपलेले सिलिकॉन पुसून टाका. सेट झाल्यावर बेसिन हलवू नका. नळ चालवण्यापूर्वी २४ तास स्थिर राहू द्या.”

यातलं दुसरं वाक्य बरोबर आहे. पहिलं, तिसरं आणि पाचवं वाचताक्षणी खटकतात. चौथं वाक्य मात्र सरळ, ओघवतं, कुठेही न अडखळणारं आहे, आणि या पाचांत सर्वांत जास्त नुकसान करू शकणारं तेच आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

तिने आळस केला नव्हता. शब्दकोश उघडून प्रत्येक शब्द पाहिला होता. तिचा प्रश्न रास्त होता: “मॅडम, ‘रन’खाली पानंच्या पानं आहेत. सगळे अर्थ वाचत बसले तर एका वाक्याला दिवस जाईल. मग पहिला घेतला.”

पानंच्या पानं का आहेत हे कळल्याशिवाय त्यांतून वाट काढता येत नाही, म्हणून आधी ते सांगते.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवले आणि २०११ मध्ये तो आकडा ६४५ वर गेल्याचं सांगितलं गेलं. पण त्याच ‘रन’ क्रियापदाला प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेट या कोशात ४१ अर्थ आहेत. शब्द तोच, भाषा तीच, आकडे मात्र ६४५ आणि ४१. म्हणजे हा आकडा शब्दाचा जेवढा आहे, तेवढाच कोशकाराचाही आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश इतिहास सांगतो. शेकडो वर्षांपूर्वी मरून गेलेला वापरही तो नोंदवतो आणि ‘रन अप’, ‘रन डाउन’ यांसारखे जोडशब्दही त्याच नोंदीत मोजतो. शिवाय घोडा धावणं, जहाज धावणं, बस धावणं हे तीन अर्थ धरायचे की एक, हे प्रत्येक संपादक आपल्या धोरणानुसार ठरवतो. काही संपादक बारीक चिरतात, काही एकत्र बांधतात.

तरीही आकडा नुसता संपादकाच्या सुरीतून येत नाही. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात होते. दुसऱ्या शब्दाच्या शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला ढोबळ मानाने दहापट अर्थ असतात. यामागचं कारण सोपं आहे. नवी वस्तू, नवं यंत्र, नवा व्यवहार आला की माणूस दर वेळी नवा शब्द घडवत नाही. तोंडात बसलेला, लहानसा, जुना शब्द पुढे करतो. यंत्रं आली तेव्हा ‘रन’ यंत्राला लागला, आगगाडी आली तेव्हा तिच्या फेऱ्यांना, आणि संगणक आला तेव्हा प्रोग्रॅमला. मराठीला हे अनोळखी नाही. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, विहिरीला पाणी लागतं आणि आमटी खारट लागते. यातल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद लागेल, पण आपण एकदाही अडत नाही, कारण शेजारी भूक आहे की नोकरी हे आधी ऐकू येतं.

तिसरं कारण शब्दांच्या जन्मातलं आहे, आणि या पत्रकासाठी तेच सर्वांत उपयोगी पडलं. ‘सेट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेत्तन’वरून आलं आणि ते ‘सित्तन’, म्हणजे बसणे, याचं प्रयोजक रूप होतं. थोडक्यात, ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्याकडे हीच जोडी जशीच्या तशी आहे, म्हणून ‘सेट’चे कितीतरी अर्थ मराठीत आपोआप उतरतात. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात, घडी बसवतात. इंग्रजीत या ठिकाणी ‘सेट’ चालतो. वाट फुटते ती पुढे. ओला गिलावा किंवा जेली घट्ट होते तिथे इंग्रजी म्हणते की ती ‘सेट’ झाली. मुळात बसवण्याचं क्रियापद इथे स्वतःच स्थिर होण्याचं झालं आणि त्याचं कर्म नाहीसं झालं.

वस्तूंच्या यादीतला ‘फिक्सिंग सेट’मधला ‘सेट’ हा मुळात दुसराच शब्द. संच, टोळी, गट या अर्थाचं हे नाम लॅटिन ‘सेक्टा’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. पुढे उच्चार आणि लिहिणं क्रियापदासारखंच झाल्यामुळे दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळत गेले. कप-बशांचा सेट आणि गणितातला संच या बाजूचे.

‘रन’मध्येही असंच एकत्रीकरण झालं आहे. स्वतः धावणे-वाहणे आणि दुसऱ्याला धावायला लावणे यांसाठी जुन्या इंग्रजीत वेगळी क्रियापदं होती, ती एका रूपात मिसळली. सख्ख्या जर्मनमध्ये ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे हे आजही वेगळे आहेत. त्यामुळे नळाचं पाणी ‘रन’ होतं तेव्हा ते धावण्याचं लाक्षणिक रूप समजायचं कारण नाही. वाहणे हा त्या शब्दाचा अतिशय जुना, स्वतःचा अर्थ आहे. आपल्याला शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ आधी शिकवतात आणि क्रिकेटमधली धाव ते पक्कं करते, म्हणून वाहणं आपल्याला दूरचं वाटतं.

आता ‘पहिला अर्थ घेतला’ याकडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणि मेरियम-वेब्स्टरमध्ये अर्थ ऐतिहासिक क्रमाने असतात, म्हणजे पहिला तो सर्वांत जुना. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत बहुधा सर्वांत जास्त वापराचा अर्थ आधी येतो. यातला कुठलाच क्रम तुमच्या वाक्याकडे पाहून लावलेला नसतो. ‘रन’ला चाळीस अर्थ असतील तर पहिला अर्थ तुमच्या वाक्यात बसेलच असं मानायला काहीच आधार नाही.

म्हणून मी तिला कोश मिटायला सांगितला आणि एकेका वाक्यात आधी एवढंच शोधायला लावलं: क्रियापदाला कर्म आहे का, असेल तर ती कुठल्या जातीची वस्तू आहे, आणि कर्म नसेल तर कर्ता काय आहे. इंग्रजीच्या या छोट्या क्रियापदांचा अर्थ त्यांच्या शेजाऱ्यांकडे असतो, आणि सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे कर्म.

पहिलं वाक्य घेऊ. ‘रन’ला कर्म आहे, ‘बीड’. पुढे ‘अराउंड द रिम’, म्हणजे कडेच्या बाजूने. सकर्मक ‘रन’मध्ये शोधायचं ठरलं की निम्म्याहून जास्त नोंद एका झटक्यात बाजूला पडते. उरलेल्यात धंदा चालवणे, यंत्र चालवणे, शर्यत धावणे हे कर्माच्या जातीमुळे गळतात. हातात दोनच अर्थ राहतात: एखादी गोष्ट कशावरून तरी फिरवत नेणे, जसा केसांतून हात फिरवणे, आणि एखादी लांबट वस्तू एका रेषेत टाकत नेणे, जशी भिंतीकडेने वायर टाकणे. ती इथे थांबली. दोन्ही अर्थ पटत होते आणि कुठला ‘खरा’ ते ठरत नव्हतं.

ते ठरवायची गरजच नाही, असं माझं ठाम मत आहे. कोशात दोन आकडे आहेत म्हणून वाक्यात दोन अर्थ आहेत असं होत नाही. दोन्हींचं मराठी एकच होत असेल तर त्या सीमेवर वेळ घालवू नये. इथे दोन्ही बाजूंनी तीच कृती उभी राहते: नळीचं तोंड कडेवरून फिरवत सिलिकॉनची सलग धार सोडायची. ‘बीड’चा मणीही इथेच सुटला. फिटरच्या भाषेत ही सिलिकॉनची ‘धार’ किंवा ‘पट्टी’ असते, आणि तो स्वतः तर ‘सिलिकॉन मारा’ म्हणतो. छापील सूचनेत आम्ही “कडेभोवती सिलिकॉनची सलग धार सोडा” असं ठेवलं.

दुसऱ्या वाक्यात कर्म बेसिन, सोबत ‘इन प्लेस’. प्रयोजक अर्थ, बसवणे. तिने ते सहज केलं होतं.

तिसरं वाक्य फसवं निघालं, कारण इथे ती नियमाने वागली होती. ‘रन’च्या मागे ‘आउट’ आहे, म्हणून जोडशब्दांच्या यादीत ‘रन आउट’ शोधलं. अर्थ मिळाला संपणे. सर्वसाधारणपणे हे अगदी योग्य पाऊल आहे. ‘सेट’ किंवा ‘रन’च्या मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ आलं की मूळ नोंदीत न रमता थेट नोंदीच्या शेवटच्या जोडशब्दांकडे जावं. पण कधीकधी ती दोन पदं जोडशब्द नसून नुसती शेजारी उभी असतात, क्रियापद आपल्या अर्थाने आणि ‘आउट’ दिशेच्या अर्थाने. तपासायची रीत अशी की कोशातला अर्थ परत वाक्यात घालून, ती कृती हाताने करता येते का ते पाहायचं. संपलेलं सिलिकॉन पुसता येत नाही. जे उरलंच नाही ते फडक्याला लागणार कुठून? मग ‘रन’ वाहण्याचा, ‘आउट’ बाहेरचा: बेसिनच्या वजनाने दाबलं जाऊन कडेबाहेर आलेलं सिलिकॉन. “बाहेर आलेलं सिलिकॉन लगेच पुसून टाका.”

‘लगेच’ हा शब्द मुळात नव्हता. तो मी घातला आणि ग्राहकाला तसं कळवलं. सिलिकॉनवर साधारण १० ते २० मिनिटांत साय धरते, त्यानंतर पुसायला गेलं की ते फरफटतं आणि डाग राहतो.

पाचव्या वाक्यातल्या ‘सेट’ला कर्म नाही. कर्ता सांगितलेला नाही, पण ‘लीव्ह टू सेट’ म्हणजे काहीतरी तसंच राहू द्यायचं आहे, २४ तास, आणि आधीच्या वाक्यांत ओला पदार्थ एकच आहे. अकर्मक ‘सेट’ आणि कर्ता ओला पदार्थ, म्हणजे घट्ट होणे. ‘स्थिर राहू द्या’मध्ये ती स्थिरता बेसिनला गेली होती आणि सिलिकॉन वाक्यातून गायबच झालं होतं. सिलिकॉन हवेतली ओल घेत बाहेरून आत घट्ट होत जातं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. वरून कडक वाटलं तरी आत मऊ असतं, त्यामुळे इथे तासांना अर्थ आहे आणि ते कशाचे तास आहेत हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं. शेवटचा ‘रनिंग द टॅप’ हा पुन्हा वाहण्याचा, पण प्रयोजक: नळ सोडणे. आपण नळ चालवत नाही, सोडतो. “सिलिकॉन पूर्ण घट्ट होण्यासाठी २४ तास थांबा, त्याआधी नळ सोडू नका.”

इथे एका ठोकताळ्याबद्दल लिहायला हवं, कारण तो बऱ्याच भाषांतरकारांच्या हातात असतो. एका मजकुरात एक शब्द शेवटपर्यंत एकाच अर्थाने येतो, असं गेल, चर्च आणि यारोव्स्की या तीन संगणकीय भाषा-अभ्यासकांनी १९९२ मध्ये मांडलं होतं. परस्परांपासून खूप दूरचे अर्थ असलेल्या नामांसाठी ते चांगलं चालतं. शेतीच्या लेखात ‘प्लँट’ म्हणजे रोप असेल तर पुढेही बहुधा रोपच असतो, कारखाना नसतो. ‘सेट’, ‘रन’सारख्या क्रियापदांना मात्र तो लावू नये. आमच्या पत्रकात पाच ओळींत ‘सेट’ने अर्थ बदलला आणि ‘रन’नेही बदलला. त्याच माणसांपैकी यारोव्स्कीने १९९३ मध्ये दाखवलेली दुसरी गोष्ट इथे जास्त कामाची आहे: ठरावीक शेजारी शब्द असेल तर अर्थ जवळजवळ ठरलेलाच असतो. ‘टॅप’शेजारी ‘रन’ आला की पाणी सोडणं. ‘अलार्म’शेजारी ‘सेट’ आला की लावणं. भाषांतर करणाऱ्याने अशा जोड्या पाठ करण्यात वेळ घालवला तर तो वाया जात नाही, अर्थांची यादी पाठ करण्यात मात्र जातो.

आता चौथं वाक्य. “सेट झाल्यावर बेसिन हलवू नका.” मी पहिल्या वाचनात याच्यावरून पुढे गेले असते, कारण ‘सिमेंट सेट झालं’ हे आपण रोज ऐकतो आणि वाक्याला मराठी कान आहे. पण ‘सेट’ तसाच ठेवला की दोन्ही अर्थ तसेच राहतात. मूळ ‘वन्स सेट’मध्ये सेट काय झालं, बेसिन की सिलिकॉन?

सिलिकॉन घट्ट झाल्यावर बेसिन हलवू नका, असं वाचलं तर न सांगता निघणारा अर्थ असा होतो की तोवर हलवायला हरकत नाही. फिटर बेसिन ठेवेल, दोन तासांनी नळाचं भोक जुळत नाही म्हणून सरकवेल, साय तुटेल, आणि सहा महिन्यांनी काउंटरखाली ओल दिसेल. बेसिन एकदा ठेवल्यावर हलवू नका, असं वाचलं तर नेमकी हीच चूक टळते. दोन अर्थ, आणि सूचना जवळजवळ उलट्या.

मागची पद्धत इथे पुरी पडत नाही. ‘सेट’ला दिसणारं कर्म नाही. अर्थ परत वाक्यात घालून पाहिला तर दोन्ही चालतात. वाक्यरचनेचा थोडा आधार मिळतो. ‘वन्स’नंतर नुसतं भूतकालवाचक विशेषण येतं तेव्हा लपलेला शब्द बहुधा जवळच्या नामाचाच असतो, आणि वाक्यात नाम आहे बेसिन. सिलिकॉन म्हणायचं असतं तर लिहिणाऱ्याने बहुधा ‘वन्स इट हॅज सेट’ किंवा सरळ सिलिकॉनचं नाव घेतलं असतं. दुसरा आधार क्रमाचा: दोन वाक्यांपूर्वी ‘सेट द बेसिन’ येऊन गेलं आहे, आणि घट्ट होण्याची गोष्ट पुढच्या वाक्यात सुरू होते. तिसरा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार, कामाचा: घट्ट झालेल्या सिलिकॉनवरचं बेसिन सहज हलतच नाही. जे होणार नाही ते करू नका, असं पत्रक कशाला सांगेल?

तिसऱ्या आधारासाठी आम्ही ओळखीच्या एका प्लंबरदादांना फोन केला. इंग्रजी वाक्य त्यांना ऐकवलंच नाही, फक्त विचारलं, “दादा, बेसिन बसवल्यावर कधीपर्यंत हात लावायचा नाही?” ते म्हणाले, “एकदा टेकवलं की नाही लावायचा. जुळवायचं ते कोरडं ठेवून आधी जुळवायचं. सिलिकॉन मारल्यावर सरकवलं की गळणारच.”

प्रश्न असा विचारणं मुद्दाम होतं. ‘याचा अर्थ हा ना?’ असं विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. काम कसं होतं हे विचारलं तर जो अर्थ कामाशी जुळत नाही तो आपोआप गळतो.

तीन आधार एकाच बाजूला होते, तरी सूचना चुकली तर पाणी गळणार होतं, म्हणून मी ग्राहकालाही लिहिलं. दोन्ही अर्थ मराठीत वेगवेगळे लिहून, प्रत्येकाचा परिणाम एका ओळीत सांगून, कुठला अभिप्रेत आहे ते विचारलं. सगळ्याच ‘सेट’ आणि ‘रन’साठी असं विचारायला गेलो तर कुणी काम देणार नाही. विचारायचं तिथेच, जिथे दोन अर्थांची मराठी क्रियापदं वेगळी होतात आणि चुकीचं पडलं तर वस्तूचं किंवा माणसाचं नुकसान होतं. या पत्रकात अशी जागा एकच होती.

वस्तूंच्या यादीतल्या ‘फिक्सिंग सेट’मध्ये ‘सेट’च्या आधी ‘फिक्सिंग’ आहे, आणि यादीत क्रियापद येत नाही, म्हणून तो नाम. तिने “बसवण्याचा संच” केलं होतं. चूक नाही, पण खोक्यात दोन बोल्ट, दोन वॉशर आणि एक रबरी पट्टी असते आणि दुकानात त्याला फिटिंग सेट म्हणतात. आम्ही ‘फिटिंग सेट’ ठेवला आणि पुढे त्या तीन वस्तूंची नावं लिहिली.

ग्राहकाचं उत्तर दोन दिवसांनी आलं: बेसिन ठेवल्यावर. मराठीत गेलं, “बेसिन एकदा जागेवर टेकवल्यावर २४ तास हलवू नका. नळाचं भोक आणि कड आधी कोरड्या बेसिनवर जुळवून घ्या.” दुसरं वाक्य प्लंबरदादांचं, ग्राहकाने ते मान्य केलं आणि आपल्या इंग्रजी पत्रकातही घेतलं. तिथला ‘वन्स सेट’ काढून त्यांनी ‘वन्स इन पोझिशन’ केलं.